‘रेट?’ विचारून लोक गप्प का होतात: वास्तुशांतीच्या जेवणाची पोस्ट कशी लिहावी

प्रश्न: आम्ही दोघी जावा खारघरमधून घरगुती केटरिंग करतो. सोसायटीच्या ग्रुपवर आणि फेसबुकवर रोज पोस्ट टाकतो, ६० पदार्थांचे छान रंगीत मेन्यूकार्डही करून घेतले आहे. दर वेळी दहा-बारा जण ‘रेट?’ विचारतात आणि मग काहीच नाही. आम्हाला वास्तुशांत, बारसे अशा ३०-५० माणसांच्या ऑर्डर हव्या आहेत. पोस्टमध्ये नक्की काय लिहायचे?

उत्तर:

ताई, ते रंगीत कार्ड सध्या बाजूला ठेवा. त्यात चूक काही नाही, पण ते तुम्हाला काय काय येते एवढेच सांगते. वास्तुशांत करणाऱ्याची काळजी वेगळी असते. तो बहुधा पहिल्यांदाच चाळीस माणसांना जेवायला बोलावत असतो आणि तेही अशा घरात, जिथे तो स्वतः अजून राहायला आलेला नाही. तळोजा, उलवे, खारघर किंवा ठाण्यात घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये ताबा मिळाला की लोक लगेच मुहूर्त काढतात. त्या दिवशी घरात पाइप गॅस सुरू झालेला नसतो, फ्रिज आलेला नसतो, भांडी जुन्या घरी असतात आणि ओट्यावर सुताराचे सामान पडलेले असते. या रिकाम्या घरात जेवण येणार कसे, गरम राहणार कसे, वाढणार कोण आणि उष्टे उचलणार कोण, हे त्याला कळत नाही. हे सगळे विचारायचे कसे तेही सुचत नाही, म्हणून तो दोन अक्षरे टाइप करतो: ‘रेट?’ तुम्ही आकडा सांगता. त्या आकड्यात काय येते हे कळत नसल्यामुळे तो आकडा त्याला महागच वाटतो.

म्हणून पहिली गोष्ट ही की एका पोस्टमध्ये एकच कार्यक्रम, एकच पान आणि एकच रक्कम ठेवा. ‘सर्व प्रकारच्या ऑर्डर स्वीकारल्या जातील’ या ओळीवर कोणाचीच नजर थांबत नाही. ‘वास्तुशांतीचे जेवण’ म्हटले की ज्याच्या घरी पुढच्या महिन्यात वास्तुशांत आहे तो थांबतो. तुम्हाला तेवढाच थांबायला हवा आहे. बारशाची पोस्ट वेगळ्या दिवशी, वेगळी.

आता रकमेकडे येऊ, कारण पोस्ट अडते ती तिथेच. ‘एका पानाचे अमुक’ असा सरसकट दर लिहिला तर छोट्या ऑर्डरला तुमचे नुकसान होते आणि मोठ्या ऑर्डरला गिऱ्हाईक घासाघीस करते. याचे कारण खर्चाच्या दोन भागांत आहे. किराणा, भाजी, दूध-तूप, ताटे हा खर्च माणसांप्रमाणे वाढतो. टेम्पो आणि वाढपी यांचा खर्च मात्र २५ माणसे असोत की ४५, तेवढाच राहतो.

एक हिशेब मांडून दाखवतो. यातले आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे स्वतःचे घाला. समजा एका पानाचा कच्चा माल १४० रुपये आणि ताट-वाट्या १४ रुपये. मदतनीस बाई ९०० रुपये. टेम्पो जाऊन-येऊन १,४००. दोन वाढपी मिळून १,४००. स्वयंपाकाचा गॅस आणि डबे-पिशव्या ४० पानांना ९०० रुपये, २५ पानांना ७००. म्हणजे ४० पानांचा एकूण खर्च १०,७६० रुपये. दर ३३० ठेवला तर हातात येतात १३,२०० आणि २,४४० रुपये उरतात. त्याच ३३० च्या दराने २५ पानांची ऑर्डर घेतली तर येतात ८,२५० रुपये आणि खर्चही होतो बरोबर ८,२५०. पहाटे चारला उठून दोघी जावांनी फुकट स्वयंपाक केला, असा त्याचा अर्थ.

यावर बरेच जण टप्पे पाडतात: ४० च्या आत ३८० रुपये, ४० पासून ३३०. वरवर ठीक दिसते, पण ३६ पानांचे होतात १३,६८० आणि ४० पानांचे १३,२००. कमी माणसांना जास्त पैसे! हे गिऱ्हाईकाच्या लक्षात आले की तो तुमच्या प्रत्येक आकड्याकडे संशयाने बघतो. त्यापेक्षा रक्कम सरळ दोन भागांत ठेवा. पोहोच, वाढप आणि आवराआवर यांचे २,८०० रुपये ठरलेले आणि त्यावर प्रत्येक पानाचे २६०. चाळीस पानांचे तेच १३,२०० होतात. तीस पानांचे १०,६०० होतात आणि खर्च सुमारे ९,०७० जाता तुम्हाला दीड हजार उरतात. त्याखाली उतरायचे नसेल तर ‘कमीत कमी ३० पाने’ असे लिहा. तुमच्याच सोसायटीतली ऑर्डर असेल तर टेम्पोचे पैसे वजा करता येतात आणि ते का कमी केले हेही सांगता येते.

पोस्टमध्ये मात्र हे गणित घालू नका. तिथे एकच ओळ हवी: ‘४० पानांचे सर्व मिळून १३,२०० रुपये.’ लोकांना एकूण रक्कम लगेच समजते, कारण त्यांनी मनात एकूण बजेटच धरलेले असते. ‘किमतीसाठी संपर्क करा’ लिहू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने फोन वाढतात, ऑर्डर वाढत नाहीत. तुमच्याकडे जीएसटी नोंदणी असेल तर कर धरून किंमत लिहा. नोंदणी नसेल तर कर आकारता येत नाही, तेव्हा ‘कर वेगळा’ ही ओळ दुसऱ्याच्या पोस्टवरून उचलू नका.

यानंतरचा मुद्दा शब्दांचा. पोस्टमधले प्रत्येक विशेषण हे दिलेले वचन असते आणि या धंद्यात सर्वात महाग पडणारा शब्द म्हणजे ‘गरमागरम’. तो का महाग पडतो, हे पुरीवरून बघा. गुरुजी सांगतात, साडेबारापर्यंत आटोपेल. प्रत्यक्षात पूजा अर्ध्या तासाने उशिरा सुरू होते, कारण कोणीतरी आंब्याचा डहाळा आणायला गेलेले असते. मग हवन, पूर्णाहुती, नैवेद्य, आरती होऊन पहिली पंगत बसते दीडला. तुम्ही साडेअकराला तळलेल्या पुऱ्या गरम असतानाच स्टीलच्या डब्यात भरून झाकण लावले असेल, तर आतली वाफ पाणी होऊन त्यांच्यावरच पडते. दीड वाजता त्या चामड्यासारख्या झालेल्या असतात आणि खालच्या थरातल्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. पोस्टमध्ये ‘गरमागरम टम्म पुऱ्या’ लिहिलेले असते. यजमान भांडत नाहीत, पण पुढच्या घरी तुमचे नावही सांगत नाहीत.

यावर उपाय दोन. पीठ घट्ट भिजवा, किलोला मूठभर बारीक रवा घाला आणि तळलेल्या पुऱ्या दहा-पंधरा मिनिटे जाळीवर एकाच थरात निवू द्या. मग कागद अंथरलेल्या टोपलीत भरून वर सुती कापड टाका. अशा पुऱ्या दोन-अडीच तास मऊ राहतात, टम्म राहत नाहीत. म्हणून पोस्टमध्ये फक्त ‘पुऱ्या’ लिहा. दुसरा उपाय जागेवर तळण्याचा. पण बऱ्याच सोसायट्या फ्लॅटमध्ये किंवा पोडियमवर व्यावसायिक सिलिंडर आणू देत नाहीत आणि नवीन घराच्या पांढऱ्या भिंतींना तेलाचा वास यजमानालाही नको असतो. सोसायटीची परवानगी आहे असे यजमानाने स्वतः लिहून कळवले तरच त्या वाटेला जा. पोस्टमध्ये ‘लाइव्ह काउंटर’ असे आधीच छापून मोकळे होऊ नका.

भात, वरण, भाजी आणि उसळ यांचे तसे नाही. हे पदार्थ जाड इन्सुलेटेड डब्यात चांगले टिकतात, फक्त भरण्याची पद्धत हवी. डब्यात आधी उकळते पाणी ओतून दहा मिनिटे ठेवा, ते काढून टाका आणि मग वाफाळता पदार्थ काठोकाठ भरा. अर्धा भरलेला डबा लवकर निवतो, म्हणून एक मोठा अर्धवट डबा नेण्यापेक्षा दोन लहान भरलेले न्या. शिजलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ द्यायचे नाही. त्यासाठी सुईचा थर्मामीटर स्वयंपाकघरात असू द्या आणि निघताना, तिथे पोहोचल्यावर, पान वाढण्याआधी असे तीनदा बघा. श्रीखंडाचे नेमके उलटे. यजमानाच्या घरी फ्रिज नाही हे धरून चाला आणि ते बर्फाच्या पेटीतच न्या. भर मे महिन्यात पेटीचा भरवसा नसेल तर श्रीखंडाऐवजी जिलेबी ठेवा.

एवढी तयारी असली की पोस्टमध्ये एक ओळ निश्चिंतपणे लिहिता येते: ‘नव्या घरात गॅस, फ्रिज, भांडी नसली तरी चालेल.’ ती वाचून माणूस फोन उचलतो, कारण ही अडचण त्याने कोणाला सांगितलेली नसते.

आता आख्खी पोस्ट कशी दिसेल ते बघा.

> वास्तुशांतीचे जेवण: खारघर, कामोठे, तळोजा
> ४० पानांचे पोहोच, वाढप, आवराआवर धरून एकूण १३,२०० रुपये. पुढच्या प्रत्येक पानाचे २६० रुपये. कमीत कमी ३०, जास्तीत जास्त ७० पाने.
>
> पान: पुऱ्या, बटाट्याची पिवळी भाजी, मटकीची उसळ, वरण-भात-तूप, मसालेभात, कोथिंबीर वडी, काकडीची कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, लिंबू, पापड, श्रीखंड, मठ्ठा. कांदा-लसूण नाही.
>
> नव्या घरात गॅस, फ्रिज, भांडी नसली तरी चालेल. नैवेद्याचे ताट वेगळे आणि आधी देतो. पूजा लांबली तर दीड तासापर्यंत थांबतो, त्याचे जादा पैसे नाहीत. सुपारीच्या पानांची ताटे, वाट्या, ग्लास आमचे. ओला-सुका कचरा वेगळा बांधून देतो. पिण्याच्या पाण्याचे जार यजमानांनी मागवायचे.
>
> निम्मी रक्कम जमा झाल्यावर तारीख पक्की. माणसांचा शेवटचा आकडा तीन दिवस आधी.
> मोकळ्या तारखा: …
> एफएसएसएआय क्रमांक: … व्हॉट्सअॅप: …

यातल्या काही ओळी का आहेत ते सांगतो. गावांची नावे पहिल्याच ओळीत आहेत, कारण ग्रुपवर लांब मेसेज मध्येच तुटतो आणि पुढचे वाचायला दाबावे लागते. कोण, कुठे, किती पैसे हे दाबण्याआधीच दिसले पाहिजे. उलव्याची किंवा ठाण्याची ऑर्डर आली तर घ्या, पण ती नावे पोस्टमध्ये घालू नका. लांबच्या चौकशा वाढतात आणि टेम्पोचे गणित प्रत्येक वेळी नव्याने मांडावे लागते. ठाण्याच्या बाजूने काम करणाऱ्यांनी घोडबंदर रोडची ट्रॅफिक धरून कासारवडवली आणि नौपाडा यांना एकाच पोस्टमध्ये बसवू नये, हे जाता जाता.

‘कांदा-लसूण नाही’ हे स्पष्ट शब्दांत हवे. ‘सात्त्विक’ म्हणजे काय याचा अर्थ प्रत्येक घरी वेगळा असतो. नैवेद्याचे ताट वेगळे का, तर पाहुण्यांच्या डब्यात डाव घालून मग नैवेद्य काढलेला बऱ्याच घरी चालत नाही. स्वयंपाक झाल्यावर सर्वात आधी ते भरून झाकून ठेवा आणि पहिल्या फेरीत पोहोचवा. प्रसादाचा शिरा मात्र तुमच्याकडे धरू नका. सत्यनारायण असेल तर तो सवाई मापाने, पुष्कळदा घरच्या माणसानेच करायचा असतो. विचारा, आणि सांगितले तरच करा.

ताटे सुपारीच्या पानांची का? स्टीलची ताटे भाड्याने मिळतात आणि दिसतात छान, पण चाळीस ताटे घासायला नव्या फ्लॅटच्या सिंकमध्ये जागा नसते आणि उष्टी ताटे परत नेणे म्हणजे टेम्पोत वास. थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा फोटोतसुद्धा ती दिसता कामा नयेत. पाण्याचे जार यजमानांवर ठेवले आहेत, कारण ते त्यांच्या सोसायटीत रोज येणाऱ्या माणसाकडून स्वस्त पडतात. जे तुमच्या रकमेत नाही ते पोस्टमध्ये लिहिलेले असले की भांडण होत नाही. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक बिलावर तर लागतोच, पोस्टमध्येही असू द्या. घरगुती केटरिंग म्हटले की नोंदणी नसेल असेच लोक धरून चालतात आणि तो आकडा दिसला की शंका मिटते.

हा सगळा मजकूर चित्रावर छापू नका. चित्रातली अक्षरे ग्रुपच्या शोधात सापडत नाहीत. दीड महिन्याने कोणाला आठवले की ‘कोणीतरी वास्तुशांतीचे टाकले होते’, तर तो ग्रुपमध्ये शब्द शोधतो आणि तुमचे कार्ड त्याला दिसतच नाही. मजकूर मजकूर म्हणूनच ठेवा. त्यात ‘वास्तुशांत’ आणि ‘गृहप्रवेश’ हे दोन्ही शब्द एकदा तरी येऊ द्या आणि शेवटी एक ओळ इंग्रजी अक्षरांत `Vastu Shanti catering Kharghar` अशी टाका, कारण बरेच जण शोधताना मराठी कीबोर्ड काढतच नाहीत.

फोटो दोनच पुरेत. पहिला पूर्ण वाढलेल्या पानाचा आणि तो तुमच्याच हातच्या पानाचा. नेटवरून उचललेला फोटो लोक ओळखतात, कारण तोच चार जणांनी वापरलेला असतो. फोटो काढताना जेवणारा जिथे बसतो त्या बाजूने काढा. समोर उभे राहून काढला तर पान उलटे दिसते: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर उजवीकडे आणि भाजी डावीकडे. नेहमीच्या बघणाऱ्याला काही वाटणार नाही, पण घरातल्या आजीला मोबाइल दाखवला की ती पहिले तेच बोलते आणि वास्तुशांतीचा स्वयंपाकी ठरवताना आजीचे मत मोजले जाते. सकाळच्या खिडकीच्या उजेडात काढा. पिवळ्या दिव्याखाली वरण, बटाट्याची भाजी आणि मसालेभात तिन्ही एकाच रंगाचे दिसतात. दुसरा फोटो नव्या घरातल्या मांडणीचा: टेबलावर पांढरी चादर, झाकलेले डबे, ताटांची चळत, खाली बांधलेली कचऱ्याची पिशवी. पहिल्या फोटोने भूक लागते, पण काळजी मिटते ती या दुसऱ्याने. कोणाच्या घराचा असेल तर त्यांना विचारून टाका, दारावरची नावाची पाटी येऊ देऊ नका.

‘रेट?’ तरीही येणारच. त्याला फक्त आकडा पाठवू नका आणि ‘कॉल करते’ असेही नको. आधीच लिहून ठेवलेला एक छोटा मेसेज पाठवा: ‘नमस्कार, ४० पानांचे सर्व धरून १३,२०० रुपये. तारीख, सोसायटी, अंदाजे माणसे आणि गुरुजींनी सांगितलेली जेवणाची वेळ कळवाल का? लगेच तुमची एकूण रक्कम सांगते.’ यात चारच प्रश्न आहेत. मजला, सर्व्हिस लिफ्टची वेळ, गेटवर नोंद कशी करायची हे सगळे आगाऊ रक्कम आल्यावर विचारा. पहिल्याच मेसेजमध्ये दहा प्रश्न टाकले की समोरचा माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतो आणि तिथे संपते. आगाऊ रक्कम आल्यावर मात्र सर्व्हिस लिफ्ट विसरू नका. काही टॉवरमध्ये ती दुपारी ठरावीक वेळ बंद असते आणि वाफाळत्या भाताचे डबे चौदा मजले जिन्याने नेण्याची वेळ येते.

माणसांचा आकडा हा या कामातला सगळ्यात सैल धागा. वास्तुशांतीला चाळीस सांगितले की पन्नास येण्याची शक्यता लग्नापेक्षा जास्त असते, कारण मजल्यावरचे शेजारी, सुतार, जुन्या सोसायटीतले लोक यांना ऐन वेळी बोलावले जाते. म्हणून ‘शेवटचा आकडा तीन दिवस आधी’ ही ओळ पोस्टमध्येच हवी. त्या आकड्याइतके पैसे नक्की घ्यायचे, माणसे कमी आली तरी. तुमच्याकडून ४० पानांना चार पाने अंगची धरा, पण हे पोस्टमध्ये लिहू नका. लिहिले की यजमान चाळीसऐवजी छत्तीस सांगतो.

चाळीस पानांना साधारण काय लागते तेही सांगतो, म्हणजे तुमचा १४० चा आकडा बरोबर आहे का ते ताडून बघता येईल. पुऱ्या माणशी पाच धरून दोनशे. किलोभर कणकेच्या मध्यम आकाराच्या पन्नासच्या आसपास होतात, म्हणजे चार किलोंहून थोडी जास्त कणीक. मसालेभाताला अडीच किलो तांदूळ, साध्या भाताला दीड किलो, वरणाला सव्वा किलो तूरडाळ. बटाटे चार किलो, कोरडी मटकी एक किलो, श्रीखंड चार किलो, वड्या नव्वद, मठ्ठा सहा लिटर. यात कमी पडते ते नेहमी श्रीखंड आणि पुरी. भात-वरण ताणता येते, वाटीत मोजून वाढायचे गोड ताणता येत नाही. अंगची चार पाने धरताना या दोन गोष्टींत धरा. वाढप्याला सांगून ठेवा की पहिल्या पंगतीला श्रीखंड एकच डाव, आग्रह शेवटच्या पंगतीला.

गुरुजींच्या उशिरावर एक चांगला उपाय पोस्टमधूनच विकता येतो. सकाळी आठपासून बसलेली लहान मुले आणि मधुमेहाची वडीलधारी माणसे बारा वाजता कासावीस होतात. ‘हवे असल्यास अकराला उपमा-चहा, माणशी ५० रुपये’ अशी एक ओळ जोडा. वाढपी तेव्हा पोहोचलेले असावेत, नाहीतर दुसरी फेरी पडते आणि पन्नास रुपये टेम्पोतच जातात. उपमाच ठेवा. वडा-भजी ठेवली तर वासाने पूजेवर बसलेल्यांचे लक्ष उडते, शिवाय जेवणावरही परिणाम होतो.

पोस्ट कधी टाकायची? रोज तर नकोच. रोज दिसणारी गोष्ट लोक बघणे सोडून देतात आणि अॅडमिन वैतागतो. पंचांगात वास्तूचे मुहूर्त दिलेले असतात. ते वहीत उतरवून घ्या. घरात आधी गुरुजी ठरतात, मग तारीख आणि जेवणाचा विचार बहुधा मुहूर्ताच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू होतो. म्हणून प्रत्येक मुहूर्ताच्या तीन आठवडे आधी एक पोस्ट आणि दहा दिवस आधी तीच, मोकळ्या तारखा बदलून. अक्षय्य तृतीया आणि दसरा यांसाठी महिनाभर आधी टाका, तेव्हा गुरुजीही मिळत नाहीत. अधिक महिन्यात आणि पितृपंधरवड्यात वास्तुशांतीची पोस्ट टाकून उपयोग नाही. चातुर्मासात मुहूर्त कमी असतात, तेव्हा श्रावणातल्या सत्यनारायणाचे पान पुढे करा. जिथे नुकताच ताबा सुरू झाला आहे त्या इमारतीचा ग्रुप सर्वात कामाचा, पण तिथे बाहेरच्याला घेत नाहीत. तिथल्या एखाद्या गिऱ्हाईकालाच जेवण झाल्यावर विनंती करा की तुमची पोस्ट त्याने स्वतः टाकावी. त्याच्या नावाने आलेली पोस्ट तुमच्या दहा पोस्टच्या बरोबरीची.

बारसे, डोहाळजेवण, केळवण यांना हाच साचा लावा, पण पान बदला. डोहाळजेवण आणि बारसे बहुधा संध्याकाळी असते. तिथे पूर्ण जेवणापेक्षा चार-पाच पदार्थांचा अल्पोपहार चालतो, वाढपी एकच पुरतो आणि ठरलेली रक्कम कमी होते. केळवणाला माणसे बारा-पंधरा. तिथे तीस पानांची अट लावली तर कोणी येणार नाही. त्यासाठी ‘फक्त जेवण, घेऊन जायचे’ अशी वाढप वगळून वेगळी पोस्ट करा. ती टेम्पोवर अवलंबून नसल्याने कमी पानांनाही परवडते.

आणि तारीख भरली की तेही लिहा. जुन्या पोस्टखाली ‘१४ तारीख भरली, १६ आणि २१ मोकळ्या’ एवढेच. एकाच दिवशी दोन वास्तुशांती घेऊ नका, निदान दुसरे डबे आणि दुसरे दोन वाढपी होईपर्यंत. मुहूर्त दोन्हीकडे एकच असतो, म्हणजे पंगतही दोन्हीकडे एकाच वेळी बसते.